होऊन जाईन, सायेब!

महसूल खात्यात काम टाळणारा माणूस फारसा धोकादायक नसतो. तो टाळणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्या वाट्याचं काम आधीच दुसरीकडे वळवलेलं असतं. खरा धोका असतो तो कुठल्याच कामाला नाही न म्हणणाऱ्याचा. मी याच खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हा हे दोन्ही नमुने भरपूर पाहिले. त्यातला दुसरा नमुना अस्सल रूपात भेटला तो निवृत्तीनंतर, भातकुली तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात.

तिथल्या एका साझ्याचा हा तलाठी. सरकारनं या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण गाव त्याला तलाठीभाऊच म्हणतं आणि पाठीमागे म्हणतं 'होऊन जाईन'. कारण कोणीही काहीही सांगितलं की त्याच्या तोंडून हेच दोन शब्द निघतात. सातबारा उद्या पायजे? होऊन जाईन. शेजाऱ्यानं धुरा कोरला, येऊन पाहा? होऊन जाईन. साहेबांनी शेजारच्या रिकाम्या साझ्याचा अतिरिक्त पदभार दिला, तेव्हाही हा म्हणाला, "होऊन जाईन, सायेब," आणि दोन गावांची चार गावं झाली.

दिसायला माणूस सुटसुटीत आहे. शर्टाच्या खिशात दोन पेन, त्यातलं एक न चालणारं. ते लोकांना सहीसाठी द्यायचं, म्हणजे परत मिळतं. लॅपटॉप युरियाच्या धुतलेल्या गोणीत, कारण सरकारी पिशवी पहिल्याच पावसात फाटली. डिजिटल सहीचं डोंगल काळ्या गोफात ओवून गळ्यात घातलेलं, आणि संकटात हात आपोआप तिकडे जातो. बायको म्हणते, "साऱ्या तालुक्याचं होऊन जाते, दळणाचा डबा तेवढा होत नाई."

आदल्या वर्षी त्याच्यावर आलेला प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अतिवृष्टी झाली. चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की महसूल खात्याच्या हिशेबात ती अतिवृष्टी. मग शेतपिकांचे पंचनामे. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, म्हणून प्रत्येक वावर पाहणं आलं. (एवढ्या वर्षांत 32 टक्के नुकसान झालेला शेतकरी मला एकही भेटला नाही.) व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आदेश पडला, की पंचनामे पाच दिवसांत पूर्ण करून अहवाल सादर करावा. आदेशाखाली पहिला अंगठा उमटला तो आमच्या भाऊचा.

पाच दिवसांत चार गावं होत नसतात. झाली नाहीतच. शेवटच्या दोन दिवसांत त्यानं मारुतीच्या पारावर बसून खातेदारांची यादी समोर ठेवली आणि अंदाजानं टक्के भरले. अहवाल वेळेत गेला, शाबासकी आली. पंधरा दिवसांनी तक्रारी आल्या. एका खातेदाराची पंचनाम्यावर सही होती आणि तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. रस्त्यात गेलेल्या जमिनीवर सोयाबीनचं शंभर टक्के नुकसान दाखवलं होतं. ज्याचं वावर नाल्यानं खरोखर खरडून नेलं, त्याचं नाव यादीत नव्हतंच. फेरपंचनामे झाले आणि भाऊला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यानं उत्तरात लिहिलं, की मुदत अपुरी होती. त्यावर उलट विचारणा आली, की अपुरी होती तर तेव्हाच का कळवलं नाही? सोबत पुरावा म्हणून ग्रुपच्या पानाची छापील प्रत जोडलेली. त्यात त्याचा पिवळा अंगठा, वेळेसकट.

आता यंदाचं. मंगळवार-बुधवार पाऊस कोसळला, गुरुवारी सकाळी आदेश आला: अहवाल सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मी माझ्या वारस नोंदीचं विचारायला तलाठी कार्यालयात गेलो होतो. पाहतो तर खुर्चीवर कोतवाल बसलेला आणि तलाठीभाऊ समोर हात बांधून उभा. मला वाटलं, शासनानं आणखी काही नावं बदलली.

"बसा काका," कोतवाल म्हणाला. "आता मी मंडळ अधिकारी आहो. भाऊले बोलाले शिकवून राह्यलो."

रंगीत तालीम चालली होती. साहेबांना सांगायचं होतं, की एवढं काम एवढ्या दिवसांत होणार नाही. कोतवालानं दोन डझन तलाठी आणि तेवढेच साहेब पाहिलेले. खुर्चीत बसल्याबरोबर त्याचा आवाजच बदलला.

"बोला तलाठीभाऊ, काय म्हन्ता?"

"सायेब, लय लोड हाये."

"लोड कोनाले नाई? मले सहा साझे पाहा लागते. घेता का त्यातला थोडा?"

"नाई, म्हंजे…"

"मंग झालं. पुढं?"

भाऊनं घसा खाकरला. "सायेब, मी बी मानूस हाये. तब्येत बरी नाई राहत. रातच्याले झोप येत नाई."

"अर्ज द्या, डाक्टरचं सर्टिफिकेट जोडा. पंचनामे झाल्यावर पाहू."

"सायेब, चारच गावं हायेत, पन…"

कोतवालानं टेबलावर थाप मारली. "'चारच' म्हनले ना? चार गावं अन् पाच दिवस! एक दिवस तं उरते तुमच्यापाशी. त्या दिवशी झोपा, रातच्याले येत नाई त."

"बरं सायेब. होऊन जाईन."

कोतवाल खुर्चीवरून उठला. "पाहा काका. माह्यासारख्या खोट्या सायेबाले बी हा मानूस होऊन जाईन म्हन्ते. खऱ्यापुढं काय करन?"

मला राहवलं नाही. जुनी खोड. मी विचारलं, "भाऊ, खाती किती?"

"चार गावं…"

"गावं नाही विचारली. खाती."

गोम इथेच होती, आणि ती फक्त आमच्या भाऊची नाही. वरून काम येतं ते गावांत मोजून येतं. गाव हे एकक साहेबाला सोयीचं. चार म्हटलं की चारच वाटतं. पण पंचनामा गावाचा होत नाही, तो खात्याचा होतो, आणि पाय वावरात घालावे लागतात. भाऊनं आठ-अ काढला. न पेरलेली, पड, गावठाणाला लागून असलेली वगळून चारही गावांची मिळून 900 खाती निघाली. स्वतःच्याच साझ्यातला हा आकडा त्यानं असा एकत्र कधी पाहिलाच नव्हता. हात डोंगलकडे गेला.

"आता एका वावराले किती वेळ?" मी विचारलं.

याचं उत्तर भाऊला देता येईना, ते कोतवालानं दिलं, कारण पुढे चालायचं काम त्याचं. खारपाणपट्ट्यातली माती चिकण. तिच्यात क्षार, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही आणि वर लवकर सुकत नाही. गाडी पांदणीच्या तोंडाशी ठेवायची. दहा पावलं टाकली की बुटाला एवढी माती लागते, की पाय उचलताना आपला वाटत नाही. मग बूट हातात. वावर सापडलं की गट नंबर ताडायचा. शेतकरी हजर असेल तर त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि ते थोडक्यात कोणी सांगत नाही. सोयाबीनच्या शेंगा दाबून पाहायच्या, दाणा झाडावरच फुटला का ते. कपाशीची पातेगळ, बोंडसड, तुरीची मर. बाधित क्षेत्राचा अंदाज, ठिकाणाच्या नोंदीसकट फोटो, पंचांच्या सह्या. "घाई केली त पंधरा मिन्टं," कोतवाल म्हणाला, "अन् म्हातारा भेटला त अर्धा तास. त्यानं 1994 चा पूर सांगतल्याबिगर सही होत नाई."

पंधरा मिनिटं धरली. उजेडात दिवसाला 35 खाती, तीही न जेवता. पाच दिवसांत 175. कागदावर 175 आणि त्याखाली 900 लिहिल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही.

"पन तिघंजनं असतो ना आमी," भाऊ म्हणाला. "कृषी सहायक, ग्रामसेवक अन् मी."

तेही खरं. तिघांनी तीन शिवारं वाटून घेतली तर दिवसाला 105. पण पंचनामा संयुक्त असतो, सही तिघांची लागते. "सही तिघांची, पाय एकाचे," असं कोतवालानं त्याचं वर्णन केलं, आणि तक्रार होते ती नेमकी याच जागी. म्हणजे वाटून घ्यायचं तर साहेबाला विचारून, चोरून नाही.

त्यात आणखी एक. वापसा नाही. आज गुरुवार, ऊन पडलं तरी शनिवारच्या आधी वावरात पाय टिकणार नाही. म्हणजे पाच दिवसांतले दोन आदेश निघाला तेव्हाच गेलेले. हातात राहिले शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस, रोज 105, एकूण 315.

आणि वावरातून परत आल्यावर टेबलाचं काम. हे कोणीच मोजत नाही, भाऊही नाही. प्रत्येक खात्याची ऑनलाइन नोंद: नाव, गट, पीक, क्षेत्र, आधार, बँकेचं खातं. ज्यांनी ई-पीक पाहणीत नोंद केलेली, त्यांचं पीक शोधावं लागत नाही. 2021 पासून ते अ‍ॅप आहे आणि या एका कामापुरतं मला ते आवडतं. पण सामाईक खातं असलं की सगळ्या भावांचं संमतीपत्र, आणि त्यातला एक पुण्याला. खातेदार वारलेला आणि वारस नोंद नाही, की सगळंच अडलं. सरासरी पाच मिनिटं धरली तरी 900 खात्यांचे 75 तास. रात्री दोन-दोन तास बसलं तर सव्वा महिना जातो.

भाऊ खुर्चीवर बसला. गंमत म्हणजे त्याचा चेहरा उतरला नव्हता, उलट उजळला होता. म्हणाला, "म्हंजे माह्यी चुकी नाई, काका. हे होतच नाई!"

"ते तुले समजलं," कोतवाल म्हणाला. "सायेबाले कोन सांगन?"

आणि मग त्यानं लाखमोलाचं सांगितलं. म्हणाला, "'होत नाई' म्हनू नका. होत नाई म्हटलं का सायेबाले राग येते. 'किती होते' ते सांगा अन् 'पयले कोनतं करू' ते त्यालेच इचारा. मंग निर्णय त्याचा, आपुन फकस्त पाय."

त्याच संध्याकाळी तिघं मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलो. गुरुवारीच जायचं हा माझा हट्ट. रविवारी रात्री सांगितलं की ती सबब होते, गुरुवारी सांगितलं तर तो हिशेब असतो. साहेब माणूस वाईट नव्हता. तेही ग्रुपवर अंगठा देऊन बसले होते. समोर चहा, फोन सतत वाजतोय.

"या तलाठीभाऊ. तुमचं तर होऊन जाईन!" साहेब हसून म्हणाले. झाली पंचाईत. भाऊचं तोंड सवयीनं उघडलं. बाहेर दाराशी कोतवाल एवढ्या जोरात खोकला, की साहेबांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं.

भाऊनं घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "सायेब, माह्या चार गावात 900 खाती हायेत. सोमवारपर्यंत 315 होईन."

साहेबांनी चहा खाली ठेवला. "आणि बाकीची?"

"वापसा शनिवारी येते. तिघं मिळून रोज 105. बाकीच्या 585 ले अजून सहा दिवस लागते, म्हंजे पुढच्या रविवारी सारे होते. सोमवारी कोनते 315 देऊ, ते तुमी सांगा. मले वाटते नाल्याकाठची खरडलेली अन् पुरी बुडालेली वावरं पयले."

"वरून सोमवार आला आहे, भाऊ. मी वर काय लिहू?"

"हेच लिहा, सायेब. टप्पा एक सोमवारी, टप्पा दोन पुढच्या रविवारी. मांगच्या वर्षी मी सारं सोमवारी देल्लं, तुमाले बी फेरपंचनाम्यात जा लागलं."

आयुष्यात पहिल्यांदाच भाऊनं साहेबाला साहेबाच्याच त्रासाची आठवण करून दिली होती. साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि खालून वर वाचला. साहेब लोक असंच वाचतात. मागणी शेवटी असते हे त्यांना माहीत असतं.

"तिघं वेगवेगळे फिरणार? पंचनामा संयुक्त आहे."

"म्हनून तं इचारतो. फिरतो वायले, संध्याकाळी एका जागी बसतो, फोटो पाहून तिघंबी सही करतो. एखादं वावर वादाचं निंगालं त तिथं तिघंबी जातो."

"ते चालेल. तसं लेखी द्या. नोंदणीला माणूस मात्र माझ्याकडे नाही."

भाऊ थांबला. इथे तो हमखास 'होऊन जाईन' म्हणणार असं मला वाटलं. त्याचा हात गळ्याशी गेला, डोंगलवर टेकला आणि परत खाली आला.

"टेबलाचे 75 तास हायेत, सायेब. मानूस नाई त दुसरं काईतरी थांबवा लागन. माह्यापाशी तीन कामं हायेत: मतदारयादीची तपासनी, फेरफार अन् वसुली. कोनतं थांबवू?"

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, मतदारयादी माझ्या हातात नाही, ती तहसीलदारांकडून येते, त्यांना मी विचारतो पण भरवसा देत नाही. वसुलीचं यंदा पाहू. वरच्या अंगाच्या साझ्यात पाऊस नाही, तिथली तलाठी ताई तीन दिवस नोंदणीला येईल. आणि फेरफार दोन आठवडे थांबवा. प्रमाणित मलाच करायचे असतात, मीही तोपर्यंत मोकळा. सगळं मिळालं नाही. पण जे मिळालं ते भाऊनं कागदावर साहेबांसमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. कोतवाल दाराशी उभा होता. आता खोकत नव्हता.

सोमवारी 315 ऐवजी 290 गेले, कारण रविवारी दुपारी पुन्हा सर आली. भाऊनं त्याच दिवशी तीनला फोन करून साहेबांना सांगितलं. साहेब चिडले, पण संध्याकाळच्या अहवालात आकडा बरोबर गेला. उरलेलं काम रविवारऐवजी सोमवारी पुरं झालं. तक्रारी आल्याच, त्या येतातच. पण यंदा कोणत्याही मेलेल्या माणसाची सही पंचनाम्यावर नव्हती. एकाचं म्हणणं होतं, की त्याचं नुकसान 30 नाही, 60 टक्के आहे. त्याच्या वावरात तिघंही गेले, त्यानं 1994 चा पूर सांगितला, आणि आकडा 45 वर मिटला.

माझी वारस नोंद त्या थांबवलेल्या फेरफारांत होती. दोन आठवडे होऊन गेल्यावर मी विचारायला गेलो, तर भाऊ म्हणाला, "काका, तुमच्या पुढं 41 हायेत. रोजचे सात होते. पुढच्या बुधवारी या." बुधवारी नोंद झाली होती.